रक्तदान शिबिराचं आभारपत्र: ८३ की ८२, आणि 'ज्ञात-अज्ञात' म्हणजे कोण?

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीत (२४० फ्लॅट, डोंबिवली पूर्व) गणेशोत्सवात मंडळाचं रक्तदान शिबिर झालं. रविवार, सकाळी नऊ ते दोन. शिबिर छान पार पडलं. वाद झाला तो आभाराच्या मजकुरावर. संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकलं:

"आपल्या मंडळाने आयोजित केलेल्या भव्य रक्तदान शिबिरास उदंड प्रतिसाद लाभला. ८३ रक्तदात्यांनी रक्तदान करून २४९ जणांना जीवदान दिले. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सर्व कार्यकर्ते व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार."

रात्री दहापर्यंत तीन ठिणग्या. एक, ज्या सहा बायकांनी अकरा संध्याकाळी घरोघर फोन केले त्यांतल्या एका काकूंनी विचारलं, "आम्ही ज्ञात की अज्ञात?" दोन, रक्तकेंद्राच्या पत्रात आकडा ८२ आहे, मी ८३ लिहिला. तीन, बी विंगच्या एका वहिनींनी लिहिलं, "दीड तास रांगेत उभी राहिले, मग हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. आमचे आभार नाहीत का?"

आता नोटीस बोर्डावर लावायला आणि स्मरणिकेत छापायला नीट मजकूर लिहायचा आहे. कसा लिहू? कुणाकुणाचं नाव घालू?

चहाबाज

'अज्ञात' हितचिंतकांचे आभार मानणारी आपली एकमेव जमात असेल. तो अज्ञात माणूस वाचून म्हणतो का, अरे, हा मीच!

मोडी_लिपिक

८३ लिहा. ८३ माणसं खाटेवर झोपली, ८३ जणांना सुई टोचली. रक्तकेंद्रवाल्यांनी एक कुठे घालवली ते त्यांनी बघावं.

गोठवलेला_प्लाझ्मा

मी रक्तकेंद्रात समाजसेवा अधीक्षक होतो, शिबिरं लावणं हेच माझं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एक पिशवी बहुधा कुणी घालवलेली नाही. तुमच्या एखाद्या दात्याचा प्रवाह मध्येच थांबला असेल. शीर घसरली, किंवा त्याला घेरी आली म्हणून सुई काढली. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं द्रावण ३५० मिलिलिटरच्या हिशोबाचं असतं. रक्त निम्मंच आलं तर ते प्रमाण बिघडतं आणि पिशवी रुग्णाला देण्याच्या कामाची राहत नाही. दान झालं, पिशवी मोजली नाही. म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत, ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. "८३ जणांनी रक्तदान केलं, ८२ पिशव्या जमा झाल्या" एवढं लिहिलंत की वाद मिटला. त्या एका दात्याला मात्र कुणी "तुझी फुकट गेली" म्हणू नका. पुढच्या वेळी तो येणार नाही.

आता २४९ चं बघू.

झणझणीत_मिसळ

थांबा, ते मला माहीत आहे. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा असे तीन घटक निघतात. म्हणून गुणिले तीन. सगळ्या बॅनरवर असतं. ८२ गुणिले ३, २४६. तेवढी दुरुस्ती करा आणि झालं.

गोठवलेला_प्लाझ्मा

तीन घटक निघू शकतात हे बरोबर आहे. पण प्रत्येक पिशवीतून तीनही काढतातच असं नाही. प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त काढल्यापासून सहा-आठ तासांच्या आत करायला लागतात, आणि तोपर्यंत रक्त फ्रीजमध्ये घालून चालत नाही. सकाळी नऊची पहिली पिशवी, शिबिर दोनला संपणार, मग आवराआवर, मग रविवारच्या मेगाब्लॉकमुळे रस्त्यावर आलेली गर्दी. हिशोब करा. शिवाय निघालेल्या प्लेटलेट पाच दिवस टिकतात. त्या पाच दिवसांत त्या गटाचा रुग्ण आला नाही तर गेल्या. दुसरीकडे, डेंग्यूच्या किंवा कॅन्सरच्या एकाच रुग्णाला एका वेळी चार-सहा पिशव्या प्लेटलेट लागतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. तिथे तुमचं 'एक पिशवी, तीन जीव' कुठे बसवणार?

म्हणून मी शिबिरवाल्यांना एकच सांगायचो. त्या दिवशी जे मोजलं ते लिहा. पुढे काय झालं ते पुढे कळेल तेव्हा लिहा.

पाटलीणबाई

आमच्या गावात शिबिराला येईल त्याला स्टीलचा डबा देतात. तुमच्याकडे भेट काय दिली? त्याचा खर्च कुणी उचलला त्यांचं नाव आधी घाला, नाहीतर पुढच्या वर्षी डबे मिळायचे नाहीत.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

पाटलीणबाई, भेट काहीच नाही. प्रमाणपत्र, रक्तकेंद्राचं कार्ड आणि कांदेपोहे.

गोठवलेला_प्लाझ्मा

आणि तेच बरोबर. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. ती यायचं कारणच हे की पैशासाठी येणारा माणूस आजार लपवतो. डब्यासाठी येणाराही लपवू शकतो. मागच्या महिन्यात कावीळ झाली होती का, असं विचारलं तर डब्याकडे बघून "नाही" म्हणतो. पाटलीणबाई, तुमच्या गावावर टीका नाही, मी हे टेबलापलीकडून बघितलंय.

पाटलीणबाई

टीका नाही म्हणून टीका केलीतच. असो. आमच्या डब्याला झाकण पण नीट बसत नाही.

अनामिका_बदलापूर

मूळ प्रश्नाकडे येते. तीन वर्षं मंडळाची चिटणीस होते. 'सर्व कार्यकर्ते' या दोन शब्दांनी मी जेवढी माणसं गमावली तेवढी भांडणांनी नाही. आभार गटवार माना, आणि प्रत्येक गटाने नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगा. "स्वागत समितीने मोलाचे सहकार्य केले" हे वाक्य कुठल्याही समितीला चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही.

सहचिटणीस, फोन टीमने नक्की काय केलं ते सांगता का? अकरा संध्याकाळी म्हणजे कसं?

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

सांगतो. सहा जणी, प्रत्येकीकडे चाळीस घरं. पहिल्या दोन दिवसांत त्या "शिबिर आहे, नक्की या" म्हणायच्या आणि सगळे "हो हो" म्हणायचे. मग त्या काकूंनी प्रश्न बदलला. "रविवारी येताय का" न विचारता "नऊ, दहा, अकरा, बारा, कितीची वेळ लिहू?" असं विचारायला लागल्या. वेळ सांगितली की माणूस अडकतो. शनिवारी रात्री परत फोन: "काका, उद्या दहा. उपाशी येऊ नका, पोटभर खाऊन या, आणि आज पार्टी नको." त्या शेवटच्या वाक्यावर दोन घरांत भांडणं झाली म्हणे.

यंदा नोंदणी वहीत मी एक रकाना घातला होता, 'कुणाकडून कळलं'. ११२ जणांनी नोंदणी केली, त्यांतल्या ६१ जणांनी 'फोन' लिहिलं. गेल्या वर्षी फोन नव्हते, फक्त बॅनर होता. तेव्हा एकूण नोंदणी ४७.

मोडी_लिपिक

मग झालं की. ४७ वरून ११२, सगळं श्रेय फोन टीमला. बाकीच्यांनी मांडव घातला असेल.

झणझणीत_मिसळ

गेल्या वर्षी त्याच दिवशी शेजारच्या मंडळाचंही शिबिर होतं का? नाहीतर पाऊस? सगळं श्रेय एका खात्यावर जमा करू नका, बाकीचे बँक बंद करतील.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

पाऊस होता. गुडघाभर पाणी होतं गेटवर. हे मी विसरलोच होतो.

अनामिका_बदलापूर

म्हणून ४७ ची तुलना लिहूच नका. "११२ पैकी ६१ जणांनी फोनवरून कळल्याचं वहीत लिहिलं" एवढं लिहा. पावसाने त्यात फरक पडत नाही, आणि कुणी खोडू शकत नाही. काकूंना त्याहून जास्त स्तुती नको असेल.

टेक्सासकर

आमच्याकडे डॅलसला मराठी मंडळाने शिबिर घेतलं तेव्हा रक्तकेंद्राची मोठी गाडीच आली होती, खाटा आतच. इथे पुरुषांना हिमोग्लोबिन १३ लागतं, स्त्रियांना १२.५. आणि ५६ दिवसांनी परत देता येतं. मला पुढे फोनवर संदेश आला की तुमचं रक्त अमुक रुग्णालयात पोचलं. तो संदेश मी बायकोला दाखवला, आईला पाठवला. अध्यक्षांचं आभाराचं भाषण मात्र आठवत नाही. तुमच्याकडे असं काही नाही का?

गोठवलेला_प्लाझ्मा

आपल्याकडे दोघांनाही १२.५, वजन किमान ४५ किलो. अंतर पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२०. मी होतो तिथे तरी असा संदेश जात नव्हता. पण शिबिराच्या मंडळाने विचारलं तर सांगता यायचं, कारण प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो आणि ती कुठल्या शिबिरातली, कधी बाहेर गेली, याची नोंद असते. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. म्हणून सहचिटणीस, ४२ दिवसांनी पत्र लिहून दोनच प्रश्न विचारा: आमच्या ८२ पैकी किती रुग्णांपर्यंत गेल्या, आणि किती मुदत संपून वाया गेल्या. दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका. एकाच रविवारी दहा मंडळांनी शिबिरं घेतली की केंद्रात ढीग लागतो आणि मे महिन्यात फ्रीज रिकामा असतो. उत्तर येईलच असं नाही. आलं तर ते जसंच्या तसं बोर्डावर लावा.

झणझणीत_मिसळ

आणि तपासणीत किती पिशव्या बाद झाल्या? एचआयव्ही, कावीळ वगैरे. तोही निकालच झाला ना?

गोठवलेला_प्लाझ्मा

नाही, नाही, नाही. तो निकाल त्या दात्याचा, आणि फक्त त्याचा. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासतात. काही आढळलं तर केंद्र त्या माणसाला एकट्याला बोलावून सांगतं. तुमच्या ८३ दात्यांच्या सोसायटीत "एक पिशवी बाद" असं लिहिलंत की लिफ्टमध्ये अंदाज सुरू होतील. हा आकडा मंडळाने मागायचाच नाही.

वहिनी_बी_विंग_नव्हे

मी त्या सोसायटीतली नाही, पण त्या वहिनींसारखीच. मागच्या वर्षी माझंही हिमोग्लोबिन कमी निघालं. निळ्या पाण्याच्या बाटलीत रक्ताचा थेंब टाकतात ना, माझा थेंब वर तरंगत राहिला. मागे उभे असलेले सगळे बघत होते. ताई म्हणाली, "तुमचं नाही होणार." बस. पोह्यांच्या टेबलाकडे जायचं की घरी, हेही कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर दात्यांच्या नावांची यादी आली. माझं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकांनी विचारलं, "काय हो, तब्येत बरी आहे ना? यादीत दिसला नाहीत." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी यंदा गेले नाही.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

...यादी आम्हीही टाकली. ८३ नावं, फ्लॅट नंबर आणि रक्तगटासकट. गरजेला उपयोगी पडेल म्हणून.

अनामिका_बदलापूर

उडवा आधी. मग पुढचं वाचा.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

उडवली. तीन जणांनी "का उडवली, माझं नाव होतं" असं विचारलंय.

गोठवलेला_प्लाझ्मा

दात्यांची यादी छापली की परत गेलेल्यांची यादी आपोआप तयार होते. रांगेत कोण होतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. म्हणून दात्यांचं नाव छापायचं तर नोंदणीच्या वेळीच त्याला विचारून खूण करून घ्यायची. यंदा घेतली नाही, तर यंदा नावं नाहीत.

आणि तो थेंब. त्या निळ्या मोरचुदाच्या द्रावणात थेंब बुडाला तर पुरेसं, तरंगला तर कमी, असं ढोबळ गणित आहे. नळीत हवेचा बुडबुडा आला तरी तो तरंगू शकतो. चांगला तंत्रज्ञ काठावरच्या माणसाला यंत्रावर परत तपासतो. त्यामुळे तरंगला म्हणजे आजारीच, असं नाही. वहिनी, तुम्ही एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या एवढंच.

चहाबाज

मी ५० वेळा रक्त दिलंय. माझं नाव छापलं तर मला आवडेल, लाज नाही. मी वाचून अजून दोघे येतात. गुपचूप दानाचा एवढा आग्रह कशाला?

अनामिका_बदलापूर

चहाबाज, तुम्ही खूण करा, तुमचं छापू. न खूण करणाऱ्याचं नाही.

चहाबाज

आणि मग लोक विचारतील, हा ५० वेळावाला यंदा नाही का दिसत, खूण नाही केली की रक्त नाही दिलं. प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला.

मोडी_लिपिक

या मुद्द्यावर चहाबाजशी सहमत, आयुष्यात पहिल्यांदा.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

परत गेलेल्यांचे आकडे असे: ११२ पैकी २७ जणांना तपासणीनंतर थांबवलं. दोघे रांगेला कंटाळून गेले, कारण अकरा वाजता एकदम गर्दी झाली आणि खाटा चारच होत्या. उरले ८३. त्या २७ ची कारणं लिहू का? १५ हिमोग्लोबिन, बाकी रक्तदाब, औषधं चालू, एकाचा नवा टॅटू.

झणझणीत_मिसळ

टॅटूवाल्याचं नाव सांगायची गरज नाही, सगळ्यांनी त्याचा टॅटू बघितलाय.

गोठवलेला_प्लाझ्मा

म्हणूनच म्हणतो, लहान आकडे लिहू नका. २७ लिहा, कारणं नकोत.

अनामिका_बदलापूर

इथे माझं थोडं वेगळं मत. १५ हा आकडा लिहावा. पुढच्या वर्षीच्या टीमला तो उपयोगी आहे. शिबिराच्या दोन महिने आधी तपासणी ठेवली तर त्यांतल्या निम्म्या जणी तयार होतील.

गोठवलेला_प्लाझ्मा

टीमच्या वहीत लिहा. बोर्डावर नको.

अनामिका_बदलापूर

बरं, आपलं इथे जमणार नाही. पुढे चला.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

दोन दिवस घेतले. हा मसुदा. व्यक्तींची नावं इथे गाळली आहेत, कागदावर असतील, प्रत्येकाला विचारून.

"रविवारच्या शिबिरासाठी ११२ जण वेळ काढून आले. त्यांतल्या ८३ जणांनी रक्त दिलं आणि ८२ पिशव्या जमा झाल्या. २७ जणांना डॉक्टरांनी या वेळी थांबायला सांगितलं. ते आले, रांगेत उभे राहिले, म्हणून त्यांचेही तेवढेच आभार. दोघांना रांगेमुळे परत जावं लागलं, ती चूक आमची. चार खाटांच्या हिशोबात अकराची वेळ आम्ही फार जणांना दिली.

फोन करणाऱ्या सहा जणींनी अकरा संध्याकाळी २४० घरांशी बोलून वेळा ठरवल्या. आलेल्यांपैकी ६१ जणांनी वहीत 'फोनवरून कळलं' असं लिहिलं आहे.

नोंदणीच्या टेबलावर सकाळी साडेआठपासून बसलेल्या कॉलेजच्या चौघांनी प्रत्येक अर्ज भरून घेतला. एकही अर्ज अपुरा म्हणून परत आला नाही.

पोह्यांच्या टेबलावरच्या आजी-आजोबांनी प्रत्येक दात्याला पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. एक तरुण पाचव्या मिनिटाला उठून बाइककडे निघाला. आजोबांनी त्याला दंड धरून परत बसवलं, आणि दोनच मिनिटांत त्याला घेरी आली. तो खुर्चीत होता, जिन्यात नव्हता.

मांडवाच्या मंडळींनी शनिवारी रात्री एकपर्यंत जागून हॉलला पडदे, पंखे आणि खाटांसाठी वेगळी वायर लावली. रक्तकेंद्राच्या डॉक्टर, तंत्रज्ञ आणि समाजसेवकांनी दोननंतर आलेल्या पाच जणांनाही परत पाठवलं नाही.

या ८२ पिशव्यांचं पुढे काय झालं ते रक्तकेंद्राला सहा आठवड्यांनी विचारू. जे उत्तर येईल ते याच बोर्डावर लावू."

पाटलीणबाई

त्या आजोबांचा परिच्छेद वाचून डोळे भरले. अध्यक्ष कुठे गेले?

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

अध्यक्ष शनिवारी रात्री वायर लावत होते. ते मांडवाच्या ओळीत आहेत. त्यांना दाखवलं, म्हणाले "ठीक आहे", पण दोनदा वाचलं.

वहिनी_बी_विंग_नव्हे

'त्यांचेही तेवढेच आभार' मधला 'ही' काढा. तो 'ही' आला की आम्ही मागून जोडलेल्या वाटतो.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

काढला. आता "११२ जणांचे आभार" असं पहिल्याच वाक्यात आहे.

मोडी_लिपिक

हॉल झाडला कोणी?

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

सुया आणि कापूस रक्तकेंद्राने त्यांच्या पिशव्यांत नेला. हॉल... सोसायटीच्या दोन सफाई कामगार ताईंनी, त्यांची रविवारची सुट्टी असून. आणि वॉचमनदादांनी लिफ्ट पाच तास तळमजल्यावर धरून ठेवली होती. प्रिंटरला दिलं होतं, थांबवतो.

चहाबाज

ज्ञात-अज्ञात शेवटी सापडले.

गोठवलेला_प्लाझ्मा

एक आठवण. तुमचे ४२ दिवस दिवाळीच्या आसपास भरतात. तेव्हा सगळे गावी असतात आणि रक्ताचा तुटवडा असतो. तुम्ही पिशव्यांचं विचारायला फोन कराल तेव्हा ते उलट विचारतील, अजून एक छोटं शिबिर घेता का? तुमच्या ८३ जणांना तेव्हा चालणार नाही, ९० दिवस भरलेले नसतील. उरतात ते २७, रांगेतून गेलेले दोघे, आणि जे आलेच नाहीत ते.

सहचिटणीस_तिसऱ्यांदा

काकूंना विचारलं. म्हणाल्या, "दिवाळीच्या आठवड्यात फोन नाही, चकल्या आहेत. त्याच्या आधीच्या आठवड्यात करू. पण त्या २७ जणांना पहिला फोन मीच करणार."